फलकावरचा पाऊस कधीचा? आकड्यांशेजारी ‘शेवटची नोंद’ कशी दाखवावी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरवाल्यांना, म्हणजे पोफळीच्या बागायतदारांना, पावसाळ्यात रोज एकच गोष्ट ठरवायची असते: आज फवारणीला हात घालायचा की थांबायचं. पोफळीवर कोळेरोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात, पण ते घोसांवर सुकायला उघडीप लागते. फवारून तासाभरात सर कोसळली तर औषध आणि मजुरी दोन्ही पाण्यात जातात. अशा वेळी गावागावांतली मंडळी आपापल्या पर्जन्यमापकाचे आकडे एका शीटमध्ये भरतात, त्यातून एक छोटासा डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचा फलक, बनतो आणि तो सगळे मोबाइलवर बघतात. आकडा दिसतो ‘नगरगाव १०४ मिमी’. पण तो आज सकाळचा की परवाचा? हे फलकावर लिहिलेलं नसेल तर तो आकडा असून नसल्यासारखाच. परवाचा आकडा आजचा समजून कोणी निर्णय घेतला, तर फलक नसता तरी बरं झालं असतं.

या लेखात गूगल शीट्सवरच्या अशाच एका पावसाच्या फलकावर ‘शेवटची नोंद’ कशी दाखवायची ते पाहू. केंद्रं पाच धरू: वाळपई, केरी, ठाणे, होंडा आणि नगरगाव. पुढचे पावसाचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. तुमचा फलक दूध संकलनाचा असो, मासळीच्या भावाचा असो किंवा पतसंस्थेच्या वसुलीचा, सूत्रांची मांडणी जवळपास अशीच राहील.

आधी ठरवा: कुठली वेळ दाखवायची

‘अपडेट’ म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या वेळा एकत्र करतो. पहिली वेळ मापनाची: पर्जन्यमापक कधी वाचला. दुसरी नोंदीची: तो आकडा शीटमध्ये कधी भरला. तिसरी फलकाची: डॅशबोर्डने शीटमधून माहिती शेवटची कधी उचलली. बहुतेक साधनं आपणहून तिसरी वेळ दाखवतात, कारण त्यांना तेवढीच ठाऊक असते. लुकर स्टुडिओ या गूगलच्या डॅशबोर्ड बनवायच्या साधनात तळाशी `Data Last Updated` अशी ओळ येते ती हीच. गूगल शीट जोडलेलं असेल तर लुकर स्टुडिओ ठरावीक अंतराने, आणि आपण काही बदललं नसेल तर पंधरा मिनिटांनी, ताजी माहिती मागतो. म्हणजे नगरगावहून दोन दिवस एकही आकडा आला नाही तरी तळाची ओळ ‘आत्ताच’ असं सांगत राहते. ती खोटं बोलत नाही. शीट आत्ताच वाचली एवढंच ती सांगते, आणि शीटमध्ये नवीन काही नव्हतं हे तिला कळत नाही.

कुळागरवाल्याला हवी असते पहिली वेळ. म्हणून फलकावर ठळक जागा मापनाच्या वेळेला द्यायची. नोंदीची वेळ बारीक अक्षरात, फलक सांभाळणाऱ्यासाठी. फलकाची वेळ दाखवली नाही तरी चालेल असं माझं मत आहे. दाखवलीच तर ‘फलक ताजा केला’ असं स्पष्ट लिहून दाखवा.

पावसाच्या बाबतीत मापनाची वेळ ठरलेली आहे, ही मोठी सोय. भारतीय हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० ला वाचतं आणि आदल्या दिवशीच्या ८.३० पासूनचे २४ तास त्यात मोजतं. १२ जुलैचा आकडा म्हणजे ११ जुलै सकाळी ८.३० ते १२ जुलै सकाळी ८.३०. गावातल्या केंद्रांनीही हीच वेळ पाळली, तर आपले आकडे खात्याच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. आणि फलकावर नुसती तारीख न लिहिता ‘१२ जुलै, सकाळी ८.३० पर्यंतचे २४ तास’ असं लिहिलं की बघणाऱ्याला कळतं की आज दुपारी पडलेली सर यात धरलेली नाही.

पायरी १: नोंद घेतानाच तारीख मागा

गूगल फॉर्म बनवा आणि त्यात तीनच प्रश्न ठेवा: केंद्र, मापन केले ती तारीख, पाऊस मिलिमीटरमध्ये. तिन्ही अनिवार्य करा. फॉर्मला जोडलेल्या शीटमध्ये पहिल्या स्तंभात `Timestamp` आपोआप पडतो, ती झाली नोंदीची वेळ. मग `A` मध्ये नोंदीची वेळ, `B` मध्ये केंद्र, `C` मध्ये मापनाची तारीख आणि `D` मध्ये पाऊस अशी रचना होते. या शीटला `नोंदी` नाव द्या.

केंद्राचं नाव टाइप करायला लावू नका, यादीतून निवडायला द्या. नाहीतर कोणी ‘वाळपई’ लिहील, कोणी ‘वाळपय’, आणि सूत्राला ती दोन वेगळी केंद्रं वाटतील.

तारखेचा प्रश्न ‘पाऊस कोणत्या दिवशीचा’ असा विचारलात तर गोंधळ नक्की. रात्रभर कोसळलेला पाऊस सकाळी मोजणारा माणूस काल रात्रीचा म्हणून कालची तारीख टाकतो, शेजारच्या गावचा आजची टाकतो, आणि दोघांचे आकडे एका दिवसाने सरकतात. प्रश्न असा ठेवा: ‘पर्जन्यमापक कोणत्या तारखेला वाचला?’ खाली एक ओळ जोडा: ‘पाऊस नसल्यास ० भरा, फॉर्म सोडू नका.’ ही ओळ फार महत्त्वाची. शून्य म्हणजे उघडीप होती, नोंद नाही म्हणजे आपल्याला माहीतच नाही. फलकावर हे दोन्ही सारखे दिसले तर फवारणीला निघालेला माणूस फसतो.

नोंद आली ती वेळ घेऊन तीच मापनाची वेळ का मानू नये, असं वाटेल. पण फॉर्ममध्ये भरलेलं उत्तर नंतर सुधारण्याची मुभा दिली असेल, तर सुधारल्यावर `Timestamp` सुद्धा नवा होतो. कोणी परवाचा १४ चा १४० केला की नोंदीची वेळ आजची होते, पाऊस मात्र परवाचाच. शिवाय वाळपईच्या पलीकडे रेंज नसलेल्या जागा आहेत, तिथला माणूस सकाळी वाचलेला आकडा संध्याकाळी बाजारात आल्यावर भरतो. त्याचा आकडा वेळेवर वाचलेला असतो, फक्त उशिरा पोचतो.

पायरी २: शीटचं घड्याळ गोव्याचं करा

हे सूत्रं लिहिण्याआधीच करून टाका. `File > Settings` मध्ये जाऊन `Locale` भारताचं आणि `Time zone` मध्ये `GMT+05:30` असलेलं भारतीय वेळेचं निवडा. त्याच खिडकीत `Calculation` वर जाऊन `On change and every minute` निवडा. त्याचा उपयोग पुढे येतो.

वेळेचं क्षेत्र चुकलेलं असेल तर ते फार विचित्र पद्धतीने दिसतं. समजा शीट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर राहिली आहे. आपल्याकडे १२ जुलैचे सकाळचे दहा वाजतात तेव्हा तिथे ११ जुलैची रात्र असते, त्यामुळे शीटच्या मते ‘आज’ म्हणजे ११ जुलै. आपली आजची नोंद तिला उद्याची वाटते. पावसाळ्याच्या दिवसांत तिथे मध्यरात्र होते आपल्याकडच्या दुपारी साडेबाराला. म्हणजे सकाळभर जुना आकडा दाखवणारा फलक दुपारी साडेबाराच्या सुमारास आपोआप सुधारतो. असं घडताना दिसलं तर सूत्रं उकरत बसू नका, वेळेचं क्षेत्र बघा. आणि नोंदीची वेळ नेमकी साडेपाच तासांनी मागे दिसत असेल तर शीट जागतिक प्रमाणवेळेवर आहे.

तारखेच्या रचनेची चूक याहून जास्त लपून राहते. `Locale` अमेरिकेचं असेल आणि कोणी शीटमध्ये हाताने `5/7/2025` लिहिलं, तर शीट ते ७ मे समजते. `12/7/2025` म्हणजे तिच्या लेखी ७ डिसेंबर. आणि `13/7/2025` लिहिलं तर तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीख न राहता नुसता मजकूर होते, सूत्रं तिला वगळतात. ओळखायची खूण सोपी आहे: महिन्याच्या बारा तारखेपर्यंत चुकीच्या तारखा आणि तेरापासून नोंदी गायब. दुसरी खूण नजरेलाच दिसते. खऱ्या तारखा चौकटीत उजवीकडे चिकटतात, मजकूर झालेल्या डावीकडे.

पायरी ३: प्रत्येक केंद्राची शेवटची नोंद

दुसरं पान उघडा, त्याला `फलक` नाव द्या. `A5` ते `A9` मध्ये पाच केंद्रांची नावं लिहा, फॉर्मच्या यादीत आहेत अगदी तशीच. `B5` मध्ये हे सूत्र भरा आणि खाली `B9` पर्यंत ओढा:

```
=MAXIFS('नोंदी'!C:C,'नोंदी'!B:B,A5,'नोंदी'!C:C,"<="&TODAY())
```

त्या केंद्राची सर्वांत अलीकडची मापनाची तारीख यातून मिळते. `B` स्तंभाला `Format > Number > Date` लावा. शेवटचा भाग, म्हणजे आजपर्यंतच्याच तारखा घ्यायच्या ही अट, विसरू नका. फॉर्म भरताना कोणाचं बोट घसरून वर्ष २०३५ पडलं, तर अट नसलेलं सूत्र तीच तारीख सर्वांत अलीकडची म्हणून धरून बसेल, आणि ते केंद्र बंद पडलं तरी फलक त्याला ताजं म्हणत राहील. अशी चूक कोणाच्या लक्षात येत नाही, कारण फलक तक्रार करत नाही.

पूर्ण स्तंभ, म्हणजे `C:C`, मुद्दाम घेतला आहे. फॉर्मची नोंद आली की शीटमध्ये नवी रांग घातली जाते, आणि `C2:C` असं लिहिलेलं सूत्र कधी कधी खाली सरकून नव्या नोंदीलाच वगळतं. पूर्ण स्तंभ घेतला की तो प्रश्न उरत नाही. मथळ्याची रांग अटींमुळे आपोआप बाहेर राहते.

एखाद्या केंद्राची एकही नोंद नसेल तर सूत्र शून्य देतं, आणि तारखेच्या रूपात ते `30/12/1899` असं दिसतं, कारण शीट्सची दिनदर्शिका तिथून मोजायला सुरुवात करते. फलकावर १८९९ दिसलं की समजा, त्या नावाची नोंदच सापडलेली नाही. बहुतेक वेळा केंद्राच्या नावामागे एखादी मोकळी जागा राहून गेलेली असते.

आता `C5` मध्ये त्या तारखेचा पाऊस आणायचा. एकाच दिवशी एकाच केंद्राने दोनदा भरलं असेल, तर नंतर भरलेला आकडा खरा धरू:

```
=IFERROR(INDEX(SORT(FILTER('नोंदी'!A:D,'नोंदी'!B:B=A5,'नोंदी'!C:C=B5),1,FALSE),1,4),"")
```

नोंदीच्या वेळेनुसार उलट क्रम लावून सगळ्यांत वरची रांग, आणि तिच्यातला चौथा स्तंभ म्हणजे पाऊस. `SUMIFS` वापरलंत तर दोनदा भरलेले आकडे एकमेकांत मिळतील आणि केरीत ढगफुटी झाल्यासारखं दिसेल.

पायरी ४: जुनी किती, हे शब्दांत लिहा

तारीख दिसली म्हणजे काम झालं, असं नाही. सकाळी साडेआठच्या आधी कालची नोंद असणं अगदी बरोबर आहे, दुपारी दोन वाजता तीच शिळी ठरते. फलकाने हा फरक ओळखला पाहिजे. पाचही केंद्रांनी मिळून ठरवावं की आकडा किती वाजेपर्यंत यायलाच हवा. इथे दहा वाजता धरू. `D5` मध्ये:

```
=IF(B5=0,"नोंदच नाही",
 IF(B5=TODAY(),"आजची",
 IF(AND(B5=TODAY()-1,MOD(NOW(),1)<TIME(10,0,0)),
 "कालची; आजची यायची आहे",
 TODAY()-B5&" दिवस जुनी")))
```

`NOW()` वापरायची योग्य जागा ही. अनेक फलकांवर `NOW()` सरळ ‘शेवटचं अपडेट’ म्हणून लावलेलं दिसतं, आणि ते अगदी चुकीचं आहे. `NOW()` म्हणजे या क्षणाची वेळ. शीटमध्ये कुठेही काहीही बदललं, अगदी मथळ्याचा रंग बदलताना कोणी एक अक्षर टाइप केलं, तरी ते पुढे सरकतं. नोंदी आठवडाभर बंद असल्या तरी ते आजचीच वेळ दाखवणार. मात्र नोंद किती जुनी झाली हे मोजायचं असेल, तर आत्ता किती वाजले ते कळायलाच हवं, आणि तिथे `NOW()` लागतंच. मघाशी `On change and every minute` निवडलं ते यासाठी. नाहीतर कोणी काही बदलेपर्यंत ‘आजची यायची आहे’ हीच ओळ दहा वाजून गेल्यावरही तशीच बसून राहते.

या स्तंभाला रंग द्यायला हरकत नाही: शिळ्या नोंदीला केशरी, नोंद नसलेल्याला करडा. पण अर्थ रंगावर सोपवू नका, शब्दांतच ठेवा. उन्हात मोबाइलवर केशरी आणि पांढरा सारखेच दिसतात, आणि काहींना रंगांतला फरक कळतही नाही.

पायरी ५: वरची ओळ

फलक उघडल्यावर पहिली नजर पडते तिथे, म्हणजे सर्वांत वर, एकच वाक्य हवं. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं मोबाइलवर कोणी खाली सरकवून वाचत नाही. `B3` मध्ये `=MAX(B5:B9)` लिहा, आणि `A1` मध्ये:

```
="पाऊस: "&DAY(B3)&" "&CHOOSE(MONTH(B3),"जानेवारी","फेब्रुवारी","मार्च","एप्रिल","मे","जून","जुलै","ऑगस्ट","सप्टेंबर","ऑक्टोबर","नोव्हेंबर","डिसेंबर")&" "&YEAR(B3)&", सकाळी 8.30 पर्यंतचे 24 तास. केंद्रे: 5 पैकी "&COUNTIF(B5:B9,B3)
```

महिना अक्षरी लिहिल्यामुळे ७/१२ की १२/७ हा प्रश्न राहत नाही. वर्षही लिहाच. पावसाळ्यात फलकाचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर गटागटांत फिरतात, आणि गेल्या वर्षीचं चित्र यंदा पुन्हा फिरायला लागलं तर ओळखण्याची तेवढीच एक खूण असते. ‘२ तासांपूर्वी’ असं लिहिणं मला म्हणूनच पटत नाही. उघड्या फलकावर ते वाचायला सोपं जातं, पण त्याचं चित्र काढून पाठवलं की उद्याही तिथे ‘२ तासांपूर्वी’च लिहिलेलं असतं. पूर्ण तारीख आणि वेळ आधी लिहा, ‘किती जुनी’ हे तिच्या सोबतीला.

‘५ पैकी ४’ हा भाग जोडला नाही तर वरची ओळ फसवी होते. कारण `MAX` सर्वांत ताजं केंद्र पकडतो, आणि एका वाळपईने वेळेवर भरलं की पूर्ण फलक ताजा भासतो. जिथे अनेक ठिकाणांहून माहिती येते तिथे सर्वांत मागे राहिलेल्याचं नाव दिसायलाच हवं.

एक सकाळ आकड्यांत

समजा १२ जुलै, सकाळचे सव्वादहा. वाळपई ६२.४, केरी ७१.०, ठाणे ८८.२, होंडा ४९.६ मिमी, चौघांची आजची नोंद आहे. नगरगावची शेवटची नोंद १० जुलैची, १०४ मिमी. फलकावर तालुक्याची सरासरी दाखवायची आहे. ती किती?

नगरगावचा जुना आकडा तसाच धरला तर पाचांची बेरीज ३७५.२ आणि सरासरी ७५.०. नगरगावची आजची नोंद नाही म्हणून शून्य धरलं तर बेरीज २७१.२ आणि सरासरी ५४.२. आणि ज्यांची आजची नोंद आहे त्या चौघांचीच घेतली तर ६७.८. एकाच सकाळचे तीन आकडे, आणि खालच्या-वरच्यात वीस मिलिमीटरपेक्षा जास्त फरक. पहिल्या दोन्ही आकड्यांत एक चूक दडलेली आहे, आणि ‘शेवटचे अपडेट: आज’ एवढंच लिहिलेल्या फलकावर ती कोणालाही दिसणार नाही. म्हणून सरासरी नेहमी त्याच तारखेच्या केंद्रांची काढा:

```
=IF(COUNTIF(B5:B9,B3)<4,"पुरेशा नोंदी नाहीत",AVERAGEIF(B5:B9,B3,C5:C9))
```

चारपेक्षा कमी केंद्रं आली असतील तर सरासरी दाखवायचीच नाही. नाहीतर सकाळी पावणेनऊला एकट्या होंड्याचा आकडा सत्तरीची सरासरी म्हणून झळकेल. चार ही सीमा मी अंदाजाने घेतलेली आहे. घाटाच्या पायथ्याशी आणि खालच्या पट्ट्यात पाऊस फार वेगळा पडत असेल, तर पाचही आल्याशिवाय सरासरी दाखवू नका.

आता फलक असा वाचला जाईल: वर ‘पाऊस: 12 जुलै 2025, सकाळी 8.30 पर्यंतचे 24 तास. केंद्रे: 5 पैकी 4’. सरासरी ६७.८. खाली नगरगावच्या रांगेत १०४, आणि त्याच्या बाजूला ‘2 दिवस जुनी’. हा १०४ पुसून टाकावा का? माझं मत, पुसू नये. परवा तिथे किती कोसळला हे माहीत असणं नगरगावच्या माणसाला उपयोगाचं असतं, तो आजचा नाही एवढं कळलं की पुरे.

ज्यांच्याकडे फॉर्म नाही

काही ठिकाणी एकच माणूस फोनवर आकडे विचारून शीटमध्ये हाताने भरतो. मग नोंदीची वेळ आपोआप पडत नाही. त्यासाठी `Extensions > Apps Script` मध्ये हा छोटा कोड ठेवा:

```
function onEdit(e) {
  const s = e.range.getSheet();
  if (s.getName() !== 'नोंदी') return;
  if (e.range.getColumn() !== 4 || e.range.getRow() < 2) return;
  s.getRange(e.range.getRow(), 1).setValue(new Date());
}
```

चौथ्या स्तंभात पाऊस भरला की त्याच रांगेच्या पहिल्या स्तंभात वेळ पडते. याच्या मर्यादा लक्षात ठेवा. पाच आकडे एकदम पेस्ट केले तर फक्त पहिल्या रांगेवर वेळ पडते. आणि माणसाने हाताने केलेल्या बदलालाच हा कोड जागतो, सूत्राने आणलेला किंवा दुसऱ्या कोडने लिहिलेला आकडा त्याला दिसत नाही. स्वयंचलित पर्जन्यमापकाचे आकडे थेट शीटमध्ये येत असतील तर मापनाची वेळ त्या यंत्राकडूनच घ्या, इथे नवीन वेळ बनवू नका.

ज्या कार्यालयांत पॉवर बीआय वापरतात त्यांना एकच सूचना. तिथे `DateTime.LocalNow()` आपल्या संगणकावर भारतीय वेळ दाखवतं, पण अहवाल ऑनलाइन सेवेवर चढवल्यावर तेच सूत्र जागतिक प्रमाणवेळ देतं आणि वेळ साडेपाच तास मागे जाते. त्याऐवजी हे वापरा:

```
DateTimeZone.SwitchZone(DateTimeZone.UtcNow(), 5, 30)
```

तरीही ती अहवाल ताजा केल्याची वेळ असते, पाऊस मोजल्याची नव्हे. मापनाची तारीख तिथेही माहितीच्या स्तंभातूनच काढावी लागते.

लोकांना देण्याआधी फलक मुद्दाम बिघडवून बघा

सगळं सुरळीत असताना प्रत्येक फलक बरोबरच दिसतो, म्हणून परीक्षा उलटी घ्यायची. एका केंद्राला आज भरू नका म्हणून सांगा आणि दहा वाजून गेल्यावर त्याची रांग ‘1 दिवस जुनी’ झाली का ते बघा. एक नोंद पुढच्या वर्षाची तारीख टाकून भरा: ती फलकावर येता कामा नये. एकदा शून्य भरून बघा: `0` दिसलं पाहिजे, रिकामी चौकट नव्हे. जुन्या नोंदीत दुरुस्ती करा आणि वरच्या ओळीतली तारीख हलत नाही ना याची खात्री करा. शेवटी ज्याच्याकडे शीट बदलण्याचा हक्क नाही अशा कोणाच्या तरी मोबाइलवर फलक उघडा, कारण `Publish to web` करून दिलेली प्रत मूळ शीटच्या मागून काही मिनिटांनी बदलते, आणि आपल्या संगणकावर ते कधीच दिसत नाही.

मोसमी पावसाचे अधिकृत महिने जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरात केंद्रांनी मापन थांबवलं की हाच फलक ‘40 दिवस जुनी’, ‘70 दिवस जुनी’ असं ओरडत बसेल, आणि लोक त्या शब्दांकडे दुर्लक्ष करायला शिकतील. म्हणून ज्या दिवशी शेवटचं केंद्र थांबेल त्या दिवशी `A1` आणि `D5` ते `D9` मधली सूत्रं जपून दुसऱ्या पानावर ठेवा आणि `A1` मध्ये साधं वाक्य लिहा: ‘यंदाच्या नोंदी थांबल्या आहेत. पुढची नोंद 1 जूनपासून.’ मे महिन्याच्या अखेरीस सूत्रं परत जागेवर आणा, आणि पाचही केंद्रांकडून एकेक कोरडा शून्य मागवून घ्या.